आधी भिशीची वही, मग पुस्तकं

ताई, नमस्कार. मी बेळगावात शहापूर भागात राहते. वय ४४. बी.कॉम. झाल्यावर उद्यमबागमधल्या एका कारखान्यात सात वर्षं अकाउंट्स बघत होते. २०१२ मध्ये धाकटी झाली, पाठोपाठ सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नोकरी सुटली ती सुटलीच. आता ओळखीच्या एका कास्टिंगवाल्यांना अकाउंट्सला बाई पाहिजे आहे. पुढच्या महिन्यात भेटायला या म्हणालेत, पण माझं धाडसच होत नाही. मी होते तेव्हा व्हॅट होता, आता सगळं जीएसटी. पुतणी बेंगळुरूला आयटीत आहे. तिनं आत्मविश्वासावरची तीन पुस्तकं आणून दिली, त्यात 'लीन इन'पण आहे. वाचताना बरं वाटतं, सकाळी उठलं की परत तेच. इंग्रजी वाचते, पण हळू. इतक्या वर्षांत घर सोडून काहीच केलं नाही. गल्लीतल्या वीस जणींची दोन-दोन हजारांची भिशी तेवढी माझ्याकडे असते. एकीनं मध्येच हात वर केले तरी मोडू दिली नाही, पण त्याला काय काम म्हणायचं? कुठली पुस्तकं वाचू ते सांगा. मराठीत असली तर बरं.
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

पुतणीची तिन्ही पुस्तकं तूर्त कपाटात ठेवा. तिला वाईट वाटू देऊ नका, पोरीनं मायेनं आणली आहेत. पण 'लीन इन' तुमच्यासाठी नाही. शेरिल सँडबर्ग यांचं ते २०१३ चं पुस्तक नोकरीत असलेल्या बाईसाठी आहे: पुढच्या खुर्चीवर बस, मूल होण्याच्या विचारानं आधीच पाऊल मागं घेऊ नकोस, असं ते सांगतं. शेवटचा सल्ला तर तुमच्यापर्यंत तेरा वर्षं उशिरा पोचला.

रात्री बरं वाटतं आणि सकाळी जातं, याचं कारण मला पुस्तकातूनही कळलं आणि अनुभवातूनही. अनुभव आधी सांगते. मी एका पतसंस्थेत होते, नऊ वर्षांच्या खंडानंतर तिथंच परत रुजू झाले. आदल्या रात्री असंच एक पुस्तक वाचून छाती फुगवून गेले. टेबलाशी बसले तर माझी रोजकीर्द गायब, तिच्या जागी संगणक. पहिल्याच दिवशी एका खातेदाराचे पैसे त्याच्याच नावाच्या दुसऱ्या माणसाच्या खात्यावर टाकले. संध्याकाळी रोकड जुळत होती, म्हणून चूक माझ्या लक्षातही आली नाही. तो माणूस दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन आला तेव्हा कळलं. रात्रीच्या पुस्तकातलं एक वाक्य त्या वेळी उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडलं ते एवढंच, की मी नोंद उलटी फिरवायला शिकले आणि पुढच्या वेळी न विचारता फिरवली.

मग पुढं कधीतरी अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाचं वाचलं. 'हे मला जमेल' हा विश्वास कुठून येतो, यावर त्यानं १९७७ मध्ये सिद्धांत मांडला आणि १९९७ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. ग्रंथ तुम्ही वाचायची गरज नाही, जाडजूड आहे आणि विद्यार्थ्यांसाठी आहे. सार एवढंच, की हा विश्वास चार ठिकाणांहून येतो. स्वतः करून पाहिलेलं काम, आपल्यासारख्या माणसाला जमलेलं पाहणं, कुणीतरी 'तुला जमेल' असं सांगणं, आणि छातीत धडधड होते तिचा आपण लावतो तो अर्थ. यात सगळ्यांत पक्कं पहिलं. तिसरं कच्चं, कारण पहिला अपयशाचा धक्का बसला की ते उडून जातं. आत्मविश्वासाची बहुतेक पुस्तकं तिसऱ्या खात्यातली असतात. म्हणून पुस्तकं निवडायची ती पहिल्या आणि दुसऱ्या खात्यातली. मी चार सांगते, आणि त्यातलं एकही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा असं म्हणणार नाही.

पहिलं रिचर्ड बोल्स यांचं 'व्हॉट कलर इज युअर पॅराशूट?'. लेखक मूळचा पाद्री. नोकऱ्या गेलेल्या पाद्र्यांना मदत व्हावी म्हणून त्यानं १९७० मध्ये हे स्वतःच छापलं होतं, नंतर वर्षानुवर्षं सुधारून निघत राहिलं. तुम्ही त्यातला सात गोष्टींचा भागच वाचायचा. आयुष्यात आपण काहीतरी तडीस नेलं अशा सात गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीत पाच मुद्दे यायला हवेत: काय साधायचं होतं, आडवं काय आलं, पायरी-पायरीनं काय केलं, शेवट काय झाला, आणि आकड्यात सांगायचं तर किती. नोकरीतल्याच गोष्टी हव्यात असं नाही. पाचवा मुद्दा बायका हमखास गाळतात आणि तोच तुमच्या कामाचा.

तुम्ही ज्याला 'काय काम म्हणायचं' म्हणालात, तीच तुमची पहिली गोष्ट. आपण ती मांडून बघू. वीस जणी, दोन-दोन हजार, म्हणजे महिन्याला ४०,००० आणि एका फेरीत वीस महिन्यांत ८,००,००० रुपये तुमच्या हातून गेले. सगळे रोख किंवा फोनवरून, पावतीशिवाय, निव्वळ तुमच्या वहीच्या भरवशावर. आता आडवं काय आलं? एकीनं हात वर केले. इथं एक गोष्ट पत्रात नाही आणि तीच महत्त्वाची आहे: तिनं आपली भिशी उचलली होती की नव्हती? उचलून झाल्यावर थांबली असेल, तर ती तुमची देणेकरी; उरलेल्या प्रत्येक महिन्याचे दोन हजार तिच्याकडून यायचे. उचललीच नसेल, तर उलट तुम्हीच तिच्या देणेकरी; तिनं सात हप्ते भरले असतील तर १४,००० तिला परत द्यायचे, आणि ते कधी, हे ठरवायचं. पहिल्या बाबतीत तुम्ही वसुली केलीत, दुसऱ्या बाबतीत देणं लांबवून बाकीच्यांचा महिना चालवलात. कास्टिंगवाल्यांच्या ऑफिसात हीच दोन कामं असतात. फक्त तिथं एकाचं नाव डेटर्स आणि दुसऱ्याचं क्रेडिटर्स.

ही गोष्ट कागदावर उतरवा, अर्ध्या पानात. 'मी भिशी चालवते' असं लिहायचं नाही. तिसऱ्या मुद्द्यात काय लिहायचं? कुणाला फोन केला, किती दिवस थांबलात, पहिल्या महिन्यात खड्डा कुठून भरलात, वहीत नोंद कशी ठेवलीत. हे सगळं जुनी वही समोर ठेवून लिहा, आठवणीतून नको. आठवणीत आपण स्वतःला नेहमी कमी मार्क देतो, वहीत शाई असते. सासूबाईंच्या आजारपणाच्या फायलीतूनही एक गोष्ट निघेल, बिलं आणि औषधांचा हिशेब तुम्हीच बघितला असणार. सात नाही जमल्या तर चार पुरेत. चुलतजावेला दाखवू नका, एवढंच. पहिल्या खर्ड्यावर हसणारं माणूस नको.

दुसरं पुस्तक तुमच्या परिस्थितीवरचंच आहे: कॅरल फिशमन कोहेन आणि व्हिव्हियन स्टिअर रेबिन यांचं 'बॅक ऑन द करिअर ट्रॅक', २००७ चं. कोहेन स्वतः चार मुलांच्या आई, अकरा वर्षांनी वित्तक्षेत्रात परतलेल्या. पुस्तक अमेरिकेतल्या एमबीए बायकांसमोर ठेवून लिहिलंय, त्यामुळे निम्मं तुमच्या कामाचं नाही. ओळखी वाढवायच्या समारंभांबद्दल ते जे सांगतं ते उद्यमबागेत कुठं करणार? पण दोन गोष्टी घ्या. एक, जुन्या सहकाऱ्यांच्या डोक्यात तुम्ही २०१२ मध्ये जशा होतात तशाच थिजून राहिल्या आहात, हे कोहेन यांचं म्हणणं. तुम्ही स्वतःला 'विसरलेली बाई' समजता, पण तुमच्या त्या वेळच्या सुपरवायझरांना तुम्ही ट्रायल बॅलन्स जुळेपर्यंत घरी न जाणारी मुलगी म्हणूनच आठवत असाल. त्यांना एक फोन करा. नोकरी मागायला नको, आता कामात काय बदललंय एवढंच विचारायला. दुसरं, खंडाबद्दल विचारलं की दोन वाक्यांत सांगायचं आणि पुढं जायचं. माफी मागायची नाही, आजारपणाची कहाणीही नाही.

कोहेन यांनी २०१२ मध्ये एका लेखात चाळिशीतल्या माणसानंही थोड्या दिवसांची उमेदवारी करावी, असं मांडलं होतं. आपल्याकडं त्याचं रूप सोपं आहे. ओळखीच्या टॅक्स प्रॅक्टिशनरकडं पंधरा दिवस दुपारी दोन तास बसायचं. महिन्याच्या ११ तारखेपर्यंत GSTR-1 हे विक्रीचं विवरणपत्र आणि २० पर्यंत GSTR-3B हे कर भरण्याचं विवरणपत्र भरायची धांदल असते, त्याच दिवसांत जा. कामाचा नेम कसा असतो हे तिथं एका आठवड्यात दिसेल.

तिसरं पुस्तक मराठी आणि शंभर वर्षांपूर्वीचं: पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी', १९२८ ची. हे दुसऱ्या खात्यातलं, म्हणजे आपल्यासारख्या माणसाला जमलेलं पाहणं. पार्वतीबाई विधवा, धोंडो केशव कर्वे यांच्या मेहुणी, लिहायला-वाचायला लागल्या त्याच मोठ्या वयात. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायच्या. इंग्रजी येत नाही हे त्यांना सलायचं, म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथं पोटासाठी लोकांच्या घरची कामं केली. हे पुस्तक मी सांगते ते त्या थोर होत्या म्हणून नाही. इंग्रजी शिकताना आपण कशा फसलो, हेही त्या लिहितात, म्हणून सांगते. बंडुराचं म्हणणंही असंच: ज्याला पहिल्या फटक्यात सगळं जमतं त्याच्याकडं बघून आपल्याला बळ येत नाही. जो चाचपडत, चुकत जमवतो, त्याच्याकडं बघून येतं. वय जवळचं, अडचण जवळची, तर आणखी. सँडबर्ग बाईंपेक्षा पार्वतीबाई तुम्हाला जवळच्या, मधे शंभर वर्षं आणि एक समुद्र असला तरी.

त्याच्या जोडीला रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० चं पुस्तकही घ्या, पण सगळं नको. इंग्रजी शिकताना घरातल्या बायकांनी त्यांना जे टोमणे मारले आणि त्या ते कसे गिळत गेल्या, तेवढी पानं वाचा. 'आता कशाला पायजे नोकरी, घरात काय कमी आहे?' हे वाक्य तुमच्या कानावर एव्हाना आलंच असेल. ही दोन्ही पुस्तकं गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात मिळतात का विचारून बघा. १८४८ पासूनचं वाचनालय आहे, जुनी पुस्तकं असण्याची शक्यता तिथंच जास्त.

आता चौथं, आणि महिन्यातला निम्म्याहून जास्त वेळ ह्यालाच द्यायचा: जीएसटीवरचं साधं, उदाहरणं असलेलं पुस्तक. मी एकाचं नाव सांगत नाही, कारण ही पुस्तकं वर्षात शिळी होतात. दुकानात उभ्यानं ओळखायची एक खूण सांगते. दरांचा तक्ता उघडा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले, मुख्य राहिले ५ आणि १८. तक्त्यात जुने चार टप्पे अजून तसेच असतील, तर पुस्तक परत ठेवा, कितीही स्वस्त असलं तरी.

दुसरी अडचण खास आपली. मराठी पुस्तकं पुण्या-मुंबईत छापलेली, त्यांतली उदाहरणं महाराष्ट्रातली. नाशिकहून पुण्याला माल गेला, राज्यातलाच व्यवहार. तुम्ही प्रत्येक उदाहरण बेळगावला आणून सोडवायचं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. समजा तुमच्या कास्टिंगवाल्यांनी १८ टक्के दराचा एक लाखाचा माल हुबळीला दिला. दोघेही २९, म्हणून बिलावर केंद्राचा सीजीएसटी ९,००० आणि राज्याचा एसजीएसटी ९,०००. तोच माल शिनोळीला दिला तर? शिनोळी बेळगावपासून हुबळीपेक्षा कितीतरी जवळ, रोज माणसं जाऊन-येऊन करतात. पण ती चंदगड तालुक्यातली, म्हणजे महाराष्ट्र. बिलावर दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी १८,०००. बेरीज दोन्हीकडं सारखीच येते, आणि गोम तिथंच आहे. एकूण १,१८,००० बरोबर दिसतात, म्हणून चूक नजरेतून सुटते. माझ्या रोकडीसारखंच. चुकीच्या नावानं भरलेला कर आपोआप योग्य नावावर जात नाही. बरोबर कर आपल्या खिशातून पुन्हा भरायचा आणि आधीचा परत मागत बसायचं. आणि माल ५०,००० च्या वर असला तर गाडी निघायच्या आधी ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, काढायचा, शिनोळी कितीही जवळ असली तरी.

म्हणून रोज दोन बिलं. हुबळी, शिनोळी, निपाणी, कोल्हापूर, खानापूर, इचलकरंजी अशी गावं मिसळून घ्या, आधी वहीत हातानं, मग TallyPrime या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याची शिकाऊ आवृत्ती फुकट उतरवता येते. ती महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच नोंदी घेते, पण सरावाला तेवढं पुरे. उघडल्यावर पहिली पाच मिनिटं सगळं परकं वाटेल, मेनू बदललेत. मग व्हाउचर्समध्ये जाऊन F8 दाबा. सेल्सच उघडेल. F9 पर्चेस, F5 पेमेंट, F6 रिसीट, F7 जर्नल. तुमच्या वेळच्याच कळा. नवीन काय, तर Alt+G: काहीही शोधायचं असेल तर ते दाबून नाव टाइप करायचं. क्रेडिट नोट तेवढी आता Alt+F6 वर गेली आहे. व्हाउचर आणि लेजर तेच, डबल एंट्री तीच. तेरा वर्षांत बदलला तो कराचा थर.

पंधराव्या दिवशी स्वतःची परीक्षा घ्या. पुस्तक मिटून दहा बिलं करा, त्यात दोन तरी सीमेपलीकडची. कर कुठल्या नावाचा, किती, ई-वे बिल लागेल का, एवढंच तपासायचं. दहात आठ बरोबर आली तर तुम्ही भेटायला जायला तयार. सहा आली तर आणखी आठवडा. आणि तुमच्या पुस्तकात पेन्सिलीनं अधोरेखित ओळी भरपूर पण वही कोरी असेल, तर ओळखा की आपण पुन्हा पुतणीच्या पुस्तकांकडंच वळलो.

भेटीच्या दिवशी ही दहा बिलं छापून बरोबर न्या. 'मधे काय केलंत?' असं मालक विचारतील. तेव्हा म्हणा: '२०१२ ते आत्तापर्यंत घरच्या जबाबदारीमुळं नोकरी केली नाही. जीएसटी त्यानंतर आला, तो आता शिकलेय. ही मी केलेली बिलं, शिनोळी आणि हुबळी दोन्हीची.' आणि कागद पुढं सरकवा. मग गप्प बसा. मालक कागद वाचत असताना बोलायचं नाही, ही सवय अवघड आहे, मलाही जमायला वेळ लागला. त्यांनी ई-इनव्हॉइसबद्दल, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाबद्दल, विचारलं तर घाबरू नका. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर असली तरच ते लागतं, म्हणून उलट त्यांनाच विचारा, 'आपली उलाढाल तेवढी आहे का?' माहीत असलेल्या माणसाचाच तो प्रश्न असतो.

राहता राहिलं कन्नड. तुम्ही त्याबद्दल लिहिलं नाही, पण धास्तीत तेही मिसळलेलं असावं असं मला वाटतं. बाजारात बोलता, तेवढं तुम्हाला येतच असणार. फोनवर गडबडायला होतं, कारण समोरचं तोंड दिसत नाही. यासाठी पुस्तक नको, टेबलावर चिकटवायची एक चिठ्ठी पुरे. 'स्वल्प निधानवागि हेळि', म्हणजे जरा सावकाश सांगा. 'बिल कळिसि', बिल पाठवा. आकडा ऐकला की तो परत मोठ्यानं म्हणून दाखवायचा, मराठी अकाउंटंट असो की कन्नड, हे दोघांनाही लागू. उद्यमबागेत निम्मे लोक दोन्ही भाषा मिसळूनच बोलतात, तुमचं एखादं क्रियापद चुकलं म्हणून कुणी पेमेंट अडवत नाही.

पुतणीला फोन करून सांगा की 'लीन इन' मी सहा महिन्यांनी वाचणार आहे, तोवर कपाटात जपून ठेवलंय. आणि भेट कशी झाली ते मला कळवा. त्या भिशीवाल्या बाईनं भिशी उचलली होती की नव्हती, तेही. मला खरंच उत्सुकता आहे.